कार्यालयाचा भाडेपट्टा कंपनीच्या नावे : जागामालकास लिहावयाचे पत्र

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे पूर्णा खोऱ्यातील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि मका पिकविणारे शेतकरी एकत्र येऊन आपली उत्पादक कंपनी स्थापन करतात, तेव्हा कंपनीचे पहिले कार्यालय बहुधा अशाच तालुक्याच्या गावी, बाजाररस्त्यावरील एखाद्या भाड्याच्या गाळ्यात थाटले जाते. गाळा हातचा जाऊ नये म्हणून कंपनीची नोंदणी होण्यापूर्वीच भाडेकरार केला जातो. कंपनी अद्याप अस्तित्वात नसल्याने तिला सही करता येत नाही. म्हणून प्रवर्तकांपैकी एक जण, जो पुढे संचालक होतो, आपल्या नावे करार करतो. पुढे कंपनी नोंदली जाते, दारावर तिचा फलक लागतो, भाडेही तिच्याच बँक खात्यातून जाऊ लागते. कागद मात्र संचालकाच्या नावेच राहतो.

हा कागद कंपनीच्या नावे करून घेण्यासाठी कंपनीने जागामालकास पत्र लिहावयाचे असते. वरवर पाहता ही केवळ नावाची दुरुस्ती वाटते. पण पत्राने नाव बदलत नाही. पत्र ही फक्त विनंती होय. पत्रापूर्वी काय तपासावे, पत्रात काय मागावे आणि मालकाच्या होकारानंतर कोणता दस्त करावा, या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्या तरच कंपनीचा जागेवरील हक्क पक्का होतो आणि संचालकाच्या डोक्यावरील वैयक्तिक जबाबदारी उतरते.

संचालक आणि कंपनी : दोन स्वतंत्र व्यक्ती

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या सभासदांहून व संचालकांहून वेगळी व्यक्ती आहे. इंग्लंडमधील सॉलोमन खटल्यात १८९६ मध्ये हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले गेले आणि भारतीय कंपनी कायद्याचाही तोच पाया आहे. त्यामुळे संचालकाने घेतलेली जागा आपोआप कंपनीची होत नाही. जागामालकाच्या दृष्टीने भाडेकरू म्हणजे ज्याने सही केली तो गृहस्थ. गाळ्यात प्रत्यक्ष बसणारी कंपनी ही कागदोपत्री तिऱ्हाईत ठरते.

याचा त्रास सुरुवातीस जाणवत नाही. तो जाणवतो परिस्थिती बदलली म्हणजे. संचालक राजीनामा देऊन बाहेर पडला, तरी भाड्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते आणि गाळ्याचा ताबा ठेवण्याचा कागदोपत्री अधिकारही त्याच्याकडेच राहतो. त्याचे व मंडळाचे बिनसले, तर कंपनीस आपल्याच कार्यालयात राहण्यासाठी त्याच्या मर्जीची गरज लागते. त्याचे निधन झाले आणि कागद भाडेपट्ट्याचा असला, तर पट्ट्याचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो, कंपनीकडे नव्हे. अनामत रकमेचेही तसेच. ती कंपनीच्या पैशातून गेली असली तरी पावती संचालकाच्या नावे असेल, तर मालक ती त्यालाच परत करील आणि त्यात मालकाची काही चूक नसेल.

कंपनी जन्मण्यापूर्वी तिच्यासाठी केलेल्या करारांबाबत कायद्यात एक सोय आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १५ व १९ नुसार प्रवर्तकांनी कंपनीच्या कामासाठी केलेला आणि तिच्या स्थापनेच्या अटींशी सुसंगत असलेला करार कंपनीस बजावून घेता येतो, तसाच तो तिच्याविरुद्धही बजावता येतो. अट एवढीच की, नोंदणीनंतर कंपनीने तो करार स्वीकारला पाहिजे आणि तसे दुसऱ्या पक्षास कळविले पाहिजे. म्हणूनच मूळ कागदावर संचालकाने "नियोजित कंपनीकरिता प्रवर्तक" म्हणून सही केली आहे की केवळ स्वतःच्या नावे, हा फरक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात पत्राने कंपनीचा स्वीकार मालकास कळविला जातो. दुसऱ्या प्रकारात पत्राने नवा व्यवहार मागावा लागतो. जाफराबादसारख्या ठिकाणी बहुतेक कागद दुसऱ्या प्रकारचेच आढळतील.

प्रथम कागद नीट वाचावा

बोलीभाषेत जागेच्या प्रत्येक कागदास "भाडेपट्टा" किंवा "भाडेचिठ्ठी" म्हटले जाते. पण शीर्षक व मजकूर पाहिल्यास त्याचे दोन प्रकार दिसतात आणि दोहोंचे मार्ग वेगळे आहेत.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने भाडेपट्ट्याचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार पट्ट्याने भाडेकरूकडे जागेच्या उपभोगाचा हक्क जातो. कराराने मनाई केली नसेल, तर त्या अधिनियमाच्या कलम १०८ खाली तो हक्क दुसऱ्यास देताही येतो. पण ही मोकळीक प्रत्यक्षात फारशी उपयोगी पडत नाही. छापील नमुन्याच्या बहुतेक कागदांत पोटभाडेकरू ठेवण्यास व हस्तांतरणास मनाई करणारे कलम असतेच. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे नियम उलट आहे : कराराने मुभा दिली नसेल तर कलम २६ अन्वये हस्तांतरण करता येत नाही, आणि ते केल्यास मालकास जागा खाली करून मागण्याचे कारण मिळते.

दुसरा प्रकार "लिव्ह अँड लायसन्स" कराराचा. महाराष्ट्रात आज हाच अधिक प्रचलित आहे. यात जागेवर हक्क निर्माण होत नाही. विशिष्ट व्यक्तीस जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ प्रमाणे अशी परवानगी धारकास दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही, आणि एरवी त्याच्या नोकरांना किंवा प्रतिनिधींनाही ती वापरता येत नाही. म्हणजे संचालकाच्या नावे लायसन्स असताना गाळ्यात कंपनीने व्यवहार करणे हे मुळातच कराराच्या बाहेरचे होते. येथे "नाव बदला" असे म्हणण्यात अर्थ नाही. जुना करार संपवून कंपनीशी नवा करार करावा, हीच मागणी करावी लागते.

प्रकार ठरला की दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मुदत किती आणि ती कधी संपते. मुदत दोन-तीन महिन्यांत संपणार असेल, तर मधेच बदल करण्यापेक्षा पुढील करार थेट कंपनीच्या नावे करणे सोयीचे. दुसरे, कागद नोंदलेला आहे काय. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदलाच पाहिजे. न नोंदलेला तीन वर्षांचा पट्टा तीन वर्षांचा हक्क देत नाही. कार्यालयाच्या जागेच्या बाबतीत तो व्यवहारात महिन्या-महिन्याचा ठरतो आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. अशा कागदावर नुसते नाव बदलून घेणे म्हणजे कच्च्या पायावर भिंत चढविणे होय.

आधी संमती, मग बदल

मालकाची लेखी संमती आधीच का घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ मधील दोन निर्णयांवरून समजते. हैदराबादच्या एका जागेत जनरल रेडिओ अँड अप्लायन्सेस ही कंपनी भाडेकरू होती. पुढे न्यायालयाच्या मंजुरीने तिचे दुसऱ्या कंपनीत एकत्रीकरण झाले आणि जागा त्या कंपनीकडे गेली. एकत्रीकरण न्यायालयाच्या आदेशाने झाले असले, तरी मालकाच्या लेखी संमतीविना पट्ट्याचा हक्क दुसऱ्या व्यक्तीकडे गेला, असे ठरून भाडेकरूस जागा गमवावी लागली. त्याच वर्षीच्या मद्रास बंगलोर ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या खटल्यात निकाल उलट लागला. तेथे भागीदारी संस्थेच्या जागेत तिच्याच भागीदारांनी स्थापन केलेली मर्यादित कंपनी काम करीत होती. भागीदार हेच संचालक होते आणि संस्थेनेही जागा सोडलेली नव्हती. दोन्ही नावांमागील माणसे एकच असल्याने पोटभाडे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने मानले.

शेतकरी उत्पादक कंपनीस दुसऱ्या निर्णयावर विसंबून राहता येणार नाही. तिचे सभासद शेकड्यांनी असू शकतात आणि संचालक निवडणुकीने बदलतात. करार करणारा संचालक व कंपनी ही एकच आहेत, असे तेथे म्हणता येणे कठीण. म्हणून "आमचाच माणूस आहे" हा युक्तिवाद न्यायालयापर्यंत नेण्यापेक्षा मालकाची सही आधी मिळविणे शहाणपणाचे.

एक उदाहरण

समजा, जाफराबाद येथील एका उत्पादक कंपनीच्या प्रवर्तकाने बाजाररस्त्यावरील गाळा १ एप्रिल २०२५ पासून ३६ महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्स कराराने स्वतःच्या नावे घेतला. मासिक भाडे ८,००० रुपये, परत मिळावयाची अनामत ४०,००० रुपये. जुलै २०२५ मध्ये कंपनी नोंदली गेली व तो गृहस्थ संचालक झाला. अनामतीची रक्कम कंपनीने त्यास ऑगस्टमध्ये परत केली आणि तेव्हापासून भाडेही कंपनीच भरते. फेब्रुवारी २०२६ मध्ये मंडळाने कागद आपल्या नावे करून घेण्याचे ठरविले.

पहिली पायरी ठरावाची. संचालक मंडळाच्या सभेत गाळ्याचा पत्ता, मूळ कराराचा दस्त क्रमांक व दिनांक, उर्वरित मुदत आणि भाडे नमूद करून, कंपनीने नवा करार करावा व त्यावर कोणी सही करावी हे ठरविले जाते. ज्या संचालकाच्या नावे मूळ करार आहे, त्याचा या विषयात वैयक्तिक संबंध आहे. त्याने तो सभेपुढे सांगावा, चर्चेत भाग घेऊ नये, आणि कंपनीतर्फे सही करण्याचे काम दुसऱ्या संचालकास किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास द्यावे. एकाच माणसाने जुना धारक म्हणून आणि कंपनीतर्फे अशा दोन्ही सह्या केल्या, तर पुढे वाद झाल्यास कोणती सही कोणत्या नात्याने केली, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरी पायरी पत्राची. ते कंपनीच्या पत्रशीर्षकावर लिहावे. त्यावर कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता व कंपनी ओळख क्रमांक असणे कायद्याने आवश्यक आहे. पत्राचा नमुना असा :

दिनांक : १० फेब्रुवारी २०२६
प्रति,
श्री. ………… (जागामालक),
जाफराबाद, जि. जालना.

विषय : कार्यालयाच्या गाळ्याचा करार कंपनीच्या नावे करण्याबाबत.

महोदय,
आपल्या मालकीचा, ………… येथील गाळा क्र. …… श्री. ………… यांनी आपणांकडून दि. १ एप्रिल २०२५ पासून ३६ महिन्यांसाठी, नोंदणीकृत दस्त क्र. …… अन्वये, लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर घेतला आहे. त्या वेळी आमच्या कंपनीची नोंदणी झालेली नव्हती. कंपनी दि. …… जुलै २०२५ रोजी नोंदली गेली असून श्री. ………… हे तिचे संचालक आहेत. सदर गाळा कंपनीच्या कार्यालयासाठी वापरला जात आहे.

तरी आपणांस विनंती की, (१) सदर करार परस्परसंमतीने दि. ३१ मार्च २०२६ अखेर संपुष्टात आणावा, (२) दि. १ एप्रिल २०२६ पासून उर्वरित २४ महिन्यांसाठी त्याच भाड्याने व त्याच अटींवर कंपनीशी नवा करार करावा, (३) आपणांकडे जमा असलेली ४०,००० रुपयांची अनामत कंपनीची अनामत म्हणून पुढे चालू ठेवावी, (४) दि. ३१ मार्च २०२६ पर्यंतची देणी चुकती झाल्यानंतर श्री. ………… यांना पुढील जबाबदारीतून मुक्त केल्याचे लिहून द्यावे. नव्या करारावर सह्या होऊन तो नोंदला जाईपर्यंत सध्याचाच करार चालू राहील.

मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च कंपनी करील. मंडळाच्या ठरावाची व कंपनीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. आपली संमती या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून कळवावी.

आपला विश्वासू,
………… (कंपनीतर्फे प्राधिकृत)

मी, श्री. …………, वरील विनंतीस संमत आहे. अनामत रक्कम मला कंपनीकडून मिळालेली असून तिच्यावर माझा हक्क राहिलेला नाही. (सही)

या नमुन्यातील प्रत्येक वाक्यास काम नेमून दिलेले आहे. चौथी मागणी वगळली तर नवा करार होऊनही मालक जुन्या कागदावरून संचालकाकडे मागणी करू शकतो. तिसरी मागणी आणि संचालकाची शेवटची सही नसेल तर एकच अनामत दोघे मागतील, किंवा मालक कंपनीकडून दुसरी अनामत मागेल. आणि नव्या दस्ताच्या नोंदणीपर्यंत जुना करार चालू राहील हे वाक्य नसेल, तर जुना करार संपला आणि नवा झाला नाही, अशा मधल्या दिवसांत कंपनी विनाकागद बसलेली आढळेल.

होकारानंतरचा दस्त

मालकाची संमती आली म्हणजे तिसरी पायरी दस्ताची. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदलाही पाहिजे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर ठेवली आहे. करार नोंदला नसेल, तर त्याच्या अटींबाबत धारकाचे म्हणणे अन्यथा सिद्ध होईपर्यंत मानले जाते. म्हणून नोंदणीचा आग्रह धरण्यात मालकाचेही हित आहे, हे त्यास दाखवून देता येते.

खर्च फार नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६-अ नुसार साठ महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर पाव टक्का शुल्क लागते. ते संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परतीच्या अनामतीवरील दर वर्षी १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर काढतात. आपल्या उदाहरणात २४ महिन्यांचे भाडे १,९२,००० रुपये आणि अनामतीवरील दोन वर्षांचे व्याज ८,००० रुपये. बेरीज २,००,००० रुपये. तिचा पाव टक्का म्हणजे ५०० रुपये. नोंदणी शुल्क वेगळे.

कागद भाडेपट्ट्याचा असता तर दोन मार्ग होते. संचालकाने पट्टा मालकाकडे परत सोपवावा आणि मालकाने कंपनीस नवा पट्टा द्यावा. किंवा मालक, संचालक व कंपनी या तिघांच्या सह्यांनी उर्वरित मुदतीचा हक्क कंपनीकडे द्यावा. दोन्हींत मालकाची सही अपरिहार्य आहे. मात्र पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याचे मुद्रांक शुल्क भाड्यावर नव्हे, तर मिळकतीच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने काढले जाते. त्यामुळे खर्चाचा आकडा आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून समजून घ्यावा. दस्त सह्यांच्या दिनांकापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

एक सावधगिरी मोठ्या कंपन्यांसाठी आहे. ज्या खाजगी अथवा सार्वजनिक मर्यादित कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला भाड्याने दिलेल्या जागेस भाडे नियंत्रण अधिनियम लागू होत नाही. संचालकाच्या नावे असलेल्या पट्ट्यास जे संरक्षण होते, ते अशा कंपनीच्या नावे पट्टा होताच संपते. म्हणून नावाचा बदल करण्यापूर्वी कंपनीने आपले भांडवल तपासून घ्यावे.

मालकाने नकार दिला तर

मालकावर नवा करार करण्याची सक्ती सहसा करता येत नाही. काही मालक भाडेवाढीची अट घालतात. काहींना कंपनी बुडाल्यास भाडे कोणाकडून घ्यावे, ही शंका असते. ही शंका रास्त आहे, कारण कंपनीच्या देण्याला सभासद वैयक्तिकरीत्या बांधील नसतात. अशा वेळी अनामतीत थोडी वाढ किंवा ठरावीक काळापुरती एखाद्या संचालकाची हमी, असा मध्यम मार्ग काढता येतो. हमी द्यावयाची झाल्यास तिची रक्कम व मुदत कागदावर स्पष्ट लिहावी. नाहीतर जबाबदारी एका दाराने जाऊन दुसऱ्या दाराने परत येईल.

तेवढेही जमले नाही, तरी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता धोक्यात येत नाही. कंपनी (संस्थापन) नियम, २०१४ च्या नियम २५ मध्ये कंपनीच्या नावे असलेला भाडेकरार आणि एक महिन्याहून जुनी नसलेली भाडेपावती हा एक पुरावा सांगितला आहे. पण त्यास पर्याय म्हणून मालकाचे किंवा अधिकृत ताबेदाराचे ना-हरकत पत्र त्याच्या मालकीच्या अथवा ताब्याच्या पुराव्यासह चालते. सोबत दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज किंवा तत्सम सेवेचे बिल लागते. मात्र ना-हरकत पत्राने पत्ता वापरण्याची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क मिळत नाही. मुदत संपेपर्यंत हे पत्र पुरेसे आहे. त्यापुढचा करार कंपनीच्याच नावे व्हावा, ही खूणगाठ मंडळाने बांधून ठेवावी.

करार नोंदला गेल्यावर मागे उरते ते दप्तराचे काम. पत्ता तोच असल्याने कंपनी निबंधकाकडे कार्यालयबदलाची सूचना देण्याचे कारण नाही. १ एप्रिलपासूनची प्रत्येक भाडेपावती कंपनीच्या नावे निघते की नाही, हे मात्र पाहावे. मालकाच्या जुन्या पावतीपुस्तकात सवयीने संचालकाचेच नाव पडत राहते आणि वर्षभराने त्याच पावत्या विरोधी पुरावा म्हणून पुढे येतात. नवा करार, मालकाची संमती असलेली पत्राची प्रत, संचालकाचे मुक्तिपत्र आणि अनामतीची नवी पावती हे चार कागद कंपनीच्या दप्तरी एकत्र लागले, म्हणजे गाळा कंपनीचा झाला असे समजावे. तोवर दारावरच्या फलकावर कंपनीचे नाव असले, तरी कायद्याच्या दृष्टीने गाळा संचालकाच्याच नावचा राहतो.